एक अवघड, जोडी सोपी

दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्राला ५०० मिलिलिटरचा आकडा लावून दिला, तरी ते दर वेळी नेमकं ५०० भरत नाही. कधी ४९७ भरतं, कधी ५०३. बहुतेक पिशव्या ५०० च्या आसपास असतात आणि जसजसं दोन्ही बाजूंना लांब जावं, तसतशा त्या विरळ होत जातात. आलेख काढला तर घंटेच्या आकाराचा वक्र दिसतो. संख्याशास्त्रात याला प्रसामान्य वितरण म्हणतात, बोलताना सगळे ‘नॉर्मल’च म्हणतात. हा फैलाव किती, हे सांगणारी संख्या म्हणजे प्रमाण विचलन. आपल्या यंत्राचं प्रमाण विचलन ४ मिलिलिटर धरू. म्हणजे शंभरातल्या सुमारे ६८ पिशव्या ४९६ ते ५०४ च्या दरम्यान पडतील.

आता ४९० पेक्षा कमी भरलेल्या पिशव्या किती निघतील? हजारात साधारण ६. हे फारच झालं म्हणून समजा यंत्र ५०५ वर लावलं. आता ४९० ही रेघ सरासरीपासून १५ मिलिलिटर, म्हणजे पावणेचार प्रमाण विचलनं खाली गेली. तिच्याखाली पडणाऱ्या पिशव्या लाखात ९. ही ९ लक्षात असू द्या, पुढे तिच्याशी गाठ आहे.

एवढ्याशा प्रश्नाला कोष्टक पुरतं. पण यंत्राला चार नळ्या असतील, प्रत्येकीची चूक वेगळी असेल, दुधाचं तापमान दिवसभर बदलत असेल आणि शेवटी एका क्रेटमधल्या सगळ्या पिशव्यांचं वजन एकदम करायचं असेल, तर कोष्टक हात टेकतं. मग संगणकात लाखो खोट्या पिशव्या भरून बघाव्या लागतात. त्यासाठी हव्यात नॉर्मल वितरणातून आलेल्या यादृच्छिक संख्या. आणि इथेच अडतं, कारण संगणकाकडे मुळात मिळतात त्या ० ते १ मधल्या सपाट संख्या. ०.०३ येण्याची शक्यता जेवढी, तेवढीच ०.५१ ची आणि ०.९८ ची. ज्याला मध्याकडे ओढा नाही अशा मालातून मध्याशी दाटी करणारा माल कसा काढायचा?

संगणक येण्याआधी हे काम कोष्टकांवर चालायचं. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली ‘संख्या’ या नियतकालिकात नॉर्मल वितरणातल्या नमुन्यांची कोष्टकंच छापली होती. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये दहा लाख यादृच्छिक अंकांचं जाडजूड पुस्तक काढलं, त्यात एक लाख नॉर्मल संख्याही होत्या. ज्याला लागेल त्याने पान उघडून उतरवून घ्यायच्या.

संगणकावर एक सोपी युक्ती फार वापरली गेली. बारा सपाट संख्या घ्या, बेरीज करा, त्यातून ६ वजा करा. बेरजेची सरासरी ६ असते आणि फैलावही नेमका १ बसतो. बारा हा आकडा त्यासाठीच निवडलेला. आलेख पाहिला तर नॉर्मलपासून वेगळा ओळखू येत नाही. पण बारा संख्यांची बेरीज ० च्या खाली किंवा १२ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून उत्तर कायम उणे ६ ते अधिक ६ मध्ये अडकतं. त्याहून वाईट म्हणजे टोकं ६ च्या कितीतरी आधीच झडायला लागतात. आपल्या पिशव्यांवर हिशेब केला तर ४९० च्या खाली लाखात ९ ऐवजी साडेतीनच सापडतात. मधल्या भागात उत्तर छान आणि ज्या कोपऱ्यासाठी एवढा खटाटोप मांडला, तिथे निम्म्याहून जास्त माल गायब.

मग थेट रस्ता का नाही धरायचा? सपाट संख्येचा अर्थ ‘माझ्या खाली किती हिस्सा आहे’ असा लावायचा आणि तेवढा हिस्सा ज्या जागेच्या खाली येतो ती जागा शोधायची. ०.५ आली तर बरोबर मध्य, ०.९७५ आली तर १.९६. तत्त्व बिनचूक आहे. अडचण अशी, की घंटेच्या वक्राखालचं क्षेत्रफळ मोजायला साध्या फलांमधलं सूत्रच नाही. कॅल्क्युलस शिकलेल्यांना आठवत असेल, e^(-x²/2) चं संकलन घातांक, लॉगरिदम, साइन, कोसाइन कशातही बसत नाही. सूत्र नाही म्हटल्यावर ते उलटं फिरवण्याचा प्रश्नच नाही. अंदाजी सूत्रं वापरता येतात आणि आज चांगली वापरलीही जातात, पण अचूक सूत्राची वाट इथे बंद होते.

प्रिन्स्टन विद्यापीठात काम करणाऱ्या जॉर्ज बॉक्स आणि मर्विन मुलर या दोघांनी १९५८ साली ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’मध्ये दोन पानांचं टिपण छापलं. बॉक्स मूळचे इंग्लंडचे. रसायनशास्त्र शिकता शिकता युद्धकाळात संख्याशास्त्राकडे वळले आणि पुढे बरीच वर्षं रासायनिक कारखान्यातल्या प्रयोगांवर काम करून अमेरिकेत आलेले. सूत्राची मूळ कल्पना पेली आणि वीनर यांच्या १९३४ च्या पुस्तकातही सापडते, पण संगणकावर वापरायची कृती म्हणून ती रुळली या दोन पानांमुळे. कृतीतली मेख एवढीच: एक नॉर्मल संख्या मागू नका, एकदम दोन मागा.

ऐकायला हे उफराटं वाटतं. एक जमत नाही तिथे दोन कुठून जमणार? कागदावर बघू. दोन नॉर्मल संख्या घेतल्या, एक आडवी आणि एक उभी, की कागदावर एक बिंदू मिळतो. अशा हजारो जोड्यांचे बिंदू टाकले की मध्याशी दाट आणि कडेला विरळ असा ढग तयार होतो. गुलालाची मूठ एका जागी टाकावी तसा. एखाद्या जागी बिंदू पडण्याची शक्यता म्हणजे आडव्याचा वक्र गुणिले उभ्याचा वक्र. घातांकांचा गुणाकार करताना घात मिळवतात, म्हणून गुणाकारात x² + y² येतं. पायथागोरसच्या प्रमेयाने ही बेरीज म्हणजे मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग. म्हणजे ढगाची घनता फक्त अंतरावर ठरते, दिशेवर नाही. कागद कसाही फिरवा, ढग तसाच दिसतो.

दिशेचा प्रश्न इथेच मिटला. सगळ्या दिशा सारख्याच, तर ० ते ३६० अंशांमधला कोणताही कोन सारख्याच शक्यतेने घ्यायचा. सपाट संख्येला ३६० ने गुणलं की झालं.

उरलं अंतर. मध्यापासून r अंतरावर एक अरुंद कडं कल्पा. कड्याची लांबी 2πr, म्हणून त्यात किती बिंदू पडतील याच्या हिशेबात घनतेला r ने गुणावं लागतं. हा आगंतुक r च सगळं काम करून जातो. एकट्या e^(-r²/2) चं संकलन होत नव्हतं, पण शेजारी r बसला की ते चुटकीसरशी होतं. उत्तर येतं ते असं: मध्यापासून r पेक्षा लांब पडणाऱ्या बिंदूंचा हिस्सा नेमका e^(-r²/2). एका मितीत नसलेलं सूत्र दोन मितींत मिळालं आणि तेही उलटं फिरवता येण्याजोगं. आता पहिल्या सपाट संख्येचा अर्थ ‘माझ्या बिंदूच्या बाहेर किती हिस्सा आहे’ असा लावायचा. ०.५ आली तर अर्धे बिंदू बाहेर हवेत, म्हणून अंतर १.१७७. जितकी संख्या ० च्या जवळ, तितका बिंदू लांब. सूत्र म्हणून लिहिलं तर असं:

```
r  = sqrt(-2 · ln U1)
Z1 = r · cos(2π · U2)
Z2 = r · sin(2π · U2)
```

यातलं `ln` म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. कोन अंशांत मोजायचा असेल तर `2π` च्या जागी ३६० घ्यायचे.

हातानेच एक जोडी काढू. समजा सपाट संख्या आल्या ०.३० आणि ०.१५. ०.३० चा नैसर्गिक लॉगरिदम उणे १.२०४. त्याला उणे २ ने गुणलं की २.४०८ आणि वर्गमूळ १.५५२. हे झालं अंतर. कोन ०.१५ गुणिले ३६०, म्हणजे ५४ अंश. ५४ अंशांचा कोसाइन ०.५८८ आणि साइन ०.८०९. गुणाकार केले की दोन नॉर्मल संख्या हातात पडतात, ०.९१ आणि १.२६. यंत्र ५०५ वर असेल तर प्रत्येकीला ४ ने गुणून ५०५ मिळवायचे. पहिल्या खोट्या पिशवीत ५०८.६ मिलिलिटर दूध आणि दुसरीत ५१०.०. दोन संख्या टाकल्या, दोन निघाल्या, काही वाया गेलं नाही.

चिकित्सक वाचक इथे हरकत घेईल. दोन्ही संख्या एकाच r मधून आल्या, मग त्या एकमेकींपासून स्वतंत्र कशा? r मोठा आला तर दोघीही मोठ्याच येण्याकडे झुकतील ना? हरकत वाजवी आहे. ती तपासायला ढगात एक उभी पट्टी आखा, आडवी संख्या ३ च्या अगदी जवळ असलेल्या बिंदूंची. या पट्टीत घनता आहे e^(-9/2) गुणिले e^(-y²/2). पहिला भाग सगळ्या पट्टीभर एकच, त्याने पट्टी फक्त फिकट होते. उभ्या दिशेचा आकार मात्र तोच घंटेचा, ० ची पट्टी घेतली असती तरी दिसला असता तोच. आडवी संख्या ३ आली हे कळूनही उभीबद्दल काहीच कळत नाही. अंतराचं हे एकच वितरण असं आहे, की त्यात r मोठा असण्याचा परिणाम आणि कोनाचा परिणाम एकमेकांना बरोबर फेडतात. दुसरं कोणतंही सूत्र r साठी वापरलं तर हरकत खरी ठरेल.

कागदावर कृती अचूक आहे. बिघडतं ते संगणकाकडून आलेल्या सपाट संख्यांमुळे. आणि ते सगळं पहिल्या संख्येच्या शून्याजवळच्या टोकाला बिघडतं, कारण लांबचे बिंदू तिथूनच येतात.

सर्वांत ढोबळ घोटाळा खुद्द शून्याचा. बहुतेक भाषांमधलं `random()` ० देऊ शकतं, १ कधीच देत नाही. शून्याचा लॉगरिदम नसतो, कार्यक्रम तिथे कोलमडतो किंवा अनंत हे उत्तर देतो. म्हणून जाणकार `log(random())` न लिहिता `log(1 - random())` लिहितात. सपाट संख्या १ मधून वजा केली तरी सपाटच राहते, शून्य मात्र टळतं. पायथॉनमध्ये असं:

```python
from math import sqrt, log, cos, sin, pi
from random import random

def pair():
    r = sqrt(-2 * log(1 - random()))
    t = 2 * pi * random()
    return r * cos(t), r * sin(t)
```

दुसरी गोष्ट संख्येच्या बारकाव्याची. विंडोजवरच्या जुन्या सी कंपायलरमधलं `rand()` ० ते ३२७६७ एवढेच पूर्णांक देतं. शून्य टाळल्यावर सर्वांत लहान अपूर्णांक १/३२७६८ राहतो आणि त्यातून अंतर निघतं ४.५६. त्यापलीकडे या कृतीला जाताच येत नाही, कितीही कोटी वेळा चालवा. खऱ्या वितरणात दर दोन लाखांत साधारण एक संख्या त्यापलीकडे असते. आजच्या ५३ बिटांच्या अपूर्णांकात ही भिंत ८.५७ वर जाते. तिथवर पिशव्याच काय, कोणीच पोहोचत नाही.

पण ज्या बिघाडाने लोक खरोखर फसले, तो वेगळा. एच. आर. नीव्ह यांनी १९७३ मध्ये तो दाखवून दिला. जुन्या संगणकांवर सपाट संख्या बनवण्याची लोकप्रिय रीत गुणाकाराची होती. हातातल्या अपूर्णांकाला ठरलेल्या संख्येने गुणायचं, पूर्णांक भाग टाकून द्यायचा आणि उरलेला अपूर्णांक ही पुढची संख्या. गुणक १३१ धरू. ०.३० नंतर येईल ३९.३ मधला ०.३०. पुढची पुन्हा ०.३०, म्हणून इतकी गोल संख्या घेत नाहीत, खूप अंकांचा अपूर्णांक घेतात. तशा संख्या वरवर चांगल्या विखुरलेल्या दिसतात.

आता याच दोन लागोपाठच्या संख्या बॉक्स-मुलर सूत्रात टाका. पहिली फार लहान असली की काय होतं बघा. ती १/१३१ पेक्षा, म्हणजे ०.००७६ पेक्षा लहान असेल तर १३१ ने गुणूनही १ ओलांडत नाही. टाकायला पूर्णांक उरतच नाही आणि दुसरी संख्या म्हणजे पहिलीच्या १३१ पट, बस्स. अंतर ठरलं की कोनही ठरला. कोसाइनमधून मोठी ऋण संख्या मिळायची तर कोन १८० अंशांच्या जवळ हवा, म्हणजे दुसरी संख्या ०.५ च्या जवळ, म्हणजे पहिली ०.५ भागिले १३१, साधारण ०.००३८. तिच्यातून निघणारं अंतर ३.३४. पहिली याहून लहान झाली तर अंतर वाढतं खरं, पण कोन सरकत शून्याकडे येतो आणि बिंदू उजवीकडे वळतो. डावीकडे उणे ३.३४ च्या पलीकडे एकही संख्या कधीच येत नाही.

आपली ४९० ची रेघ उणे ३.७५ वर होती. लाखात ९ पिशव्या कमी भरायला हव्यात. बारांची बेरीज साडेतीन दाखवत होती, ही जोडगोळी दाखवते शून्य. लाख पिशव्या चालवा की कोटी चालवा, शून्यच. उजवीकडे नेमकं उलटं घडतं. लांब पडलेले सगळे बिंदू एकाच दिशेला गोळा झाल्याने अधिक ४ च्या वर लाखात ३ ऐवजी सुमारे २४ संख्या येतात. आणि सरासरी? जवळजवळ बरोबर. प्रमाण विचलनही तसंच. ज्याने फक्त या दोन आकड्यांवर भरवसा ठेवला त्याला यंत्र निर्धोक वाटेल, आणि ग्राहक पिशवी मोजून दाखवेपर्यंत वाटत राहील.

पकडायचं असेल तर दोन टोकं वेगवेगळी मोजावीत, उणे ३ च्या खाली किती आणि अधिक ३ च्या वर किती. दोन्हीकडे लाखात सुमारे १३५ यायला हवेत. त्याहून सोपं म्हणजे जोड्यांचे बिंदू कागदावर टाकून फक्त कडेचे बघावेत. गोल ढगाच्या जागी सर्पिलासारखी फिरणारी एक रेघ दिसली, तर दोष सूत्राचा नाही, सूत्राला पुरवलेल्या संख्यांचा आहे. गुणक मोठा घेतला की दुखणं लांब जातं, बरं होत नाही. एकेकाळी किमान दर्ज्याचा म्हणून सुचवलेला १६८०७ हा गुणक घेतला, तरी हाच हिशेब करून भिंत उणे ४.५७ वर सापडते. लागोपाठच्या संख्यांमध्ये इतकं उघड नातं नसलेला जनक वापरणं हाच इलाज. पायथॉनचं `random()` मर्सेन ट्विस्टरवर चालतं, त्यात हा त्रास नाही.

कृतीविरुद्ध खरी तक्रार होती ती वेगाची. लॉगरिदम, वर्गमूळ, साइन, कोसाइन, सगळीच महागडी कामं. १९६४ मध्ये जॉर्ज मार्साग्लिया आणि ब्रे यांनी साइन-कोसाइनला फाटा दिला. चौकोनात यादृच्छिक बिंदू टाकायचा, तो आतल्या वर्तुळात पडला तर ठेवायचा आणि बाहेर पडला तर फेकून पुन्हा टाकायचा. वर्तुळातल्या बिंदूचा कोन आपोआप सपाट असतो, आणि त्याची दिशा बिंदूच्या दोन मापांतून साध्या भागाकाराने मिळते. साडेएकवीस टक्के बिंदू वाया जातात, तरी जुन्या यंत्रांवर हे परवडायचं. जावाच्या `nextGaussian()` मध्ये अनेक वर्षं हीच रीत होती. मागणाऱ्याला एक संख्या द्यायची आणि जोडीतली दुसरी पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायची, हेही त्यात आलंच. पायथॉनचं `random.gauss()` सुद्धा दुसरी राखून ठेवतं, आणि म्हणून एकाच वेळी दोन थ्रेडनी ते बोलावलं तर दोघांच्या हातात तीच संख्या पडू शकते, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकात दिलेला आहे.

ग्राफिक्स चिपवर मात्र पारडं पुन्हा फिरलं. एनव्हिडियाच्या चिपमध्ये ३२ थ्रेड एका गटात, एकाच ठेक्यावर चालतात. फेकाफेकीच्या रीतीत त्यातल्या एकाचा जरी बिंदू बाहेर पडला, तरी उरलेले एकतीस त्याच्यासाठी थांबतात. सगळ्या ३२ जणांचा बिंदू पहिल्याच फेरीत वर्तुळात पडण्याची शक्यता दहा हजारांत चार. बॉक्स-मुलरमध्ये फेकायचं काही नसतं, प्रत्येक थ्रेड तेच टप्पे तितक्याच वेळात करतो, आणि साइन, कोसाइन, लॉगरिदमसाठी चिपवर वेगळे भाग असतातच. एनव्हिडियाच्या cuRAND संग्रहात नॉर्मल संख्यांसाठी हीच १९५८ ची कृती वापरलेली आहे.